सहा चौकटी, बारा रंगीत चेंडू आणि एक पांढरा: क्रीडादिनाचा बोचिया

क्रीडादिनाला व्हीलचेअरवरचं मूल कुठे असतं हे मी बरीच वर्षं पाहतो आहे. ते मांडवात, माइकच्या टेबलाशेजारी सावलीत असतं. त्याच्या हातात गुणांचा कागद देतात किंवा पदकांचं ताट देतात. काही शाळांत त्याच्यासाठी वेगळी ‘विशेष धाव’ ठेवतात. वॉकर घेऊन मुलगी एकटीच वीस मीटर चालते, सगळी शाळा टाळ्या वाजवते, तिला पदक मिळतं. तिच्या पदकाचे गुण कुठल्याच हाऊसच्या तक्त्यात जात नाहीत. ती हरूच शकत नसते, त्यामुळे ती जिंकते असंही म्हणता येत नाही. घरी जाताना तिला हे कळलेलं असतं, कारण अशा गोष्टी मुलांना आपल्याआधी कळतात.

मी तालुक्यातल्या शाळांत विशेष शिक्षक म्हणून फिरतो. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक मला दरवर्षी नोव्हेंबरात एकच प्रश्न विचारतात, “सर, आमच्याकडे एक मूल आहे, त्याला काय खेळवू?” बरीच वर्षं मी चालू खेळांत फेरफार सुचवत होतो. लगोरीत दुसऱ्याने त्याच्यासाठी पळावं, खो-खोत त्याला नुसतं बसवावं, अशा सूचना असायच्या. त्यातून नीट काही निघालं नाही. ज्या खेळात जिंकणं पळण्यावर ठरतं, त्यात न पळणाऱ्यासाठी सवलत काढली की सवलतच खेळून जाते आणि मूल बाजूलाच राहतं. म्हणून आता मी उलट सांगतो. जो खेळ मुळातच न पळता खेळायचा आहे तो निवडा, आणि सगळ्यांना तोच खेळायला लावा. असा खेळ म्हणजे बोचिया. काही जण बोचाही म्हणतात.

नाव परकं आहे. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ चेंडू इतकाच होतो. गोट्या खेळलेल्या माणसाला हा खेळ दोन मिनिटांत समजतो. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा. मग एका संघाने लाल आणि दुसऱ्याने निळे चेंडू टाकून त्या पांढऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. शेवटी ज्याचा चेंडू सर्वांत जवळ, त्याला गुण. हा खेळ सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूचं हातापायांवरचं नियंत्रण कमी असलेल्या खेळाडूंसाठी घडवला गेला आणि १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. आता तिथे इतर कारणांनी हातापायांची ताकद फार कमी असलेले खेळाडूही तो खेळतात.

नियम थोडे तपशिलात सांगतो, कारण मूल खरोखर खेळणार की नाही हे या नियमांमुळेच ठरतं.

मैदान साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असतं. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं असतं, म्हणजे शाळेत बॅडमिंटनच्या रेषा असतील तर बोचियाचं मैदान जवळजवळ आखलेलंच आहे. एका टोकाला अडीच मीटर खोल आणि प्रत्येकी एक मीटर रुंद अशा सहा चौकटी शेजारी शेजारी आखतात. डावीकडून १ ते ६ असे त्यांचे नंबर. लाल संघ १, ३, ५ मध्ये बसतो आणि निळा २, ४, ६ मध्ये. म्हणजे प्रतिस्पर्धी एकमेकांच्या मधे मधे बसतात. चौकटींपुढची दहा मीटर जागा चेंडूंची. तिच्यात चौकटींच्या जवळच एक इंग्रजी व्ही आकाराची रेष असते. चौकटींच्या पुढच्या रेषेपासून ती मधोमध दीड मीटरवर आणि कडांना तीन मीटरवर असते. पांढरा चेंडू ही रेष ओलांडून गेलाच पाहिजे, नाहीतर तो टाकणं बाद आणि पांढरा समोरच्या संघाकडे जातो. ही रेष लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

प्रत्येक संघात तीन खेळाडू असतात आणि प्रत्येकाकडे स्वतःचे दोन चेंडू. सामना सहा डावांचा. पहिल्या डावात पांढरा चेंडू १ नंबरच्या चौकटीतला खेळाडू टाकतो, दुसऱ्यात २ नंबरचा, असं करत सहाव्यात ६ नंबरचा. पांढरा ज्याने टाकला तोच आपल्या रंगाचा पहिला चेंडू टाकतो. मग समोरचा संघ टाकतो. त्यानंतर मात्र आलटून पालटून पाळी नसते. ज्या संघाचा चेंडू पांढऱ्यापासून लांब आहे त्याने टाकत राहायचं, जवळ जाईपर्यंत किंवा चेंडू संपेपर्यंत. एका संघाचे चेंडू संपले की दुसऱ्याने आपले उरलेले टाकायचे. डाव संपल्यावर समोरच्यांच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू पांढऱ्याच्या जवळ असतील तितके गुण.

आता यात काय दडलं आहे ते पाहा. एकाचे चेंडू दुसरा टाकू शकत नाही. सहा डावांत प्रत्येकाची पांढरा टाकायची पाळी एकदा येतेच, आणि पांढरा कुठे पडतो यावर तो सगळा डाव ठरतो. शाळेच्या कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये कच्च्या खेळाडूला संघात घेऊन कोपऱ्यात ठेवता येतं. इथे ठेवताच येत नाही. मला हा खेळ आवडायचं मुख्य कारण हेच आहे.

शाळेत मी एक नियम ठासून सांगतो. सगळ्यांनी खुर्चीवर बसून टाकायचं, चेंडू हातातून सुटेपर्यंत बूड खुर्चीला टेकलेलं असलं पाहिजे. मूळ खेळातही नियम तोच आहे, तिथे तर बहुतेक खेळाडू व्हीलचेअरवरच असतात. धडधाकट मुलांना हा नियम पहिल्या दिवशी अवघड जातो. कमरेचा आणि पायांचा झोक गेला की नेम किती बिघडतो ते त्यांना तिथेच कळतं. वर्षानुवर्षं बसूनच सगळं करणाऱ्या मुलीचा हात मात्र बसून टाकायला सरावलेला असतो.

चेंडू आणि घसरगुंडी

खरा बोचियाचा चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा असतो आणि त्याचा घेर २७ सेंटीमीटर. तो आत दाणे भरलेला, थोडा मऊ असतो. म्हणून तो उसळत नाही, पडला की फार पळत नाही आणि कमजोर मुठीतही बसतो. तयार संच महाग पडतो. जुन्या टेनिस चेंडूला एक चीर देऊन त्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरली आणि चीर कापडी चिकटपट्टीने बंद केली की दोनशे ग्रॅमच्या आसपासचा चेंडू होतो. वाळू अर्धवट भरली तर चेंडू वेडावाकडा जातो, म्हणून ठासूनच भरा. सगळे तेरा चेंडू किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या. नेमकं वजन किती याला फार महत्त्व नाही, पण एकाचं १७० आणि दुसऱ्याचं २२० असं झालं तर मुलांचा अंदाजच बसत नाही. मोज्यात तांदूळ भरून केलेले गोळे हाताने टाकायला छान असतात, पण ते गडगडत नाहीत. संघात घसरगुंडी वापरणारं मूल असेल तर ते चालणार नाहीत.

घसरगुंडी म्हणजे रॅम्प. ज्या मुलाला चेंडू धरता किंवा फेकता येत नाही ते एका उतरत्या पन्हाळीतून चेंडू सोडतं. शाळेसाठी प्लंबिंगचा ११० मिलिमीटरचा पांढरा पीव्हीसी पाइप घ्या, दीड मीटर लांब. तो उभा चिरून त्याची पन्हाळ करा, कडा घासून घ्या. वरचं टोक बाकावर किंवा स्टुलावर ठेवा. यात एक चूक सगळीकडे होते. खालचं टोक जमिनीपासून दोन बोटं वर राहतं, चेंडू तिथून टपकतो, उडी मारतो आणि दिशा बदलतो. खालचं टोक तासून पातळ करा आणि जमिनीला अगदी चिकटू द्या. उतार फार उभा ठेवू नका.

चेंडू किती उंचीवरून सोडला यावर तो किती लांब जाणार हे ठरतं, आणि सपाट फरशीवर हे गणित बऱ्यापैकी सरळ असतं. आमच्या एका शाळेच्या फरशीवर ३० सेंटीमीटर उंचीवरून सोडलेला चेंडू तीन मीटरच्या आसपास थांबायचा आणि ६० वरून सोडलेला सहाच्या आसपास. आम्ही पन्हाळीच्या काठावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या: पिवळी तीन मीटरची, हिरवी साडेचारची, लाल सहाची. स्नायूंच्या आजारामुळे खांद्याच्या वर हात न जाणारा सातवीतला मुलगा दोन दिवसांत “हिरवीच्या एक बोट खाली” अशी भाषा बोलू लागला. पट्ट्या त्या त्या जागेपुरत्याच खऱ्या असतात. शहाबादी फरशी, सिमेंट आणि शेणाने सारवलेलं अंगण या तिन्हींवर अंतरं वेगळी येतात. स्पर्धेच्या सकाळी त्याच जागेवर पुन्हा दहा चेंडू सोडून पट्ट्या हलवाव्या लागतात. मातीचं मैदान असेल तर पन्हाळीचा उपयोग फारसा होत नाही, चेंडू खड्यावर अडतो. मग सामना व्हरांड्यात किंवा प्रार्थना सभागृहात घ्या.

पन्हाळ धरायला एक मदतनीस लागतो. त्याच्यासाठी नियम कडक आहे. त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं, डावात काय चाललं आहे ते बघायचं नाही आणि आपणहून काही बोलायचं नाही. मुलाने सांगायचं, “डावीकडे घ्या. अजून. बास. वर, हिरवीपर्यंत.” शेवटी चेंडू सुटतो तो मुलाच्याच स्पर्शाने. बोट हलत नसेल तर कपाळाला बांधलेल्या काडीने, कोपराने, हनुवटीने. हा नियम शाळांत सगळ्यांत जास्त मोडतो, आणि तो प्रेमापोटी मोडतो. वर्गातला मित्र किंवा आई मागे वळून बघते आणि पन्हाळ स्वतःच नीट लावून देते. मग मदतनीस खेळतो आणि मूल नुसतं चेंडूला हात लावतं. पंचाने पहिल्या वेळी समज द्यावी आणि दुसऱ्या वेळी तो चेंडू बाद धरावा. आईचं तोंड पडतं खरं, पण मुलाचा खेळ मुलाकडे राहतो.

एक डाव, जवळून

मागच्या हिवाळ्यातल्या एका सामन्यातला तिसरा डाव सांगतो. मुलांची नावं न देता चौकटींचे नंबरच वापरतो.

लाल संघात १ मध्ये सहावीतला धडधाकट मुलगा होता. ३ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेली पाचवीतली मुलगी. तिची मूठ कमजोर, चेंडू खालून झुलवून टाकते, तीन मीटरच्या पुढे जात नाही. ५ मध्ये पन्हाळीवाला मुलगा. निळ्यांत २ मध्ये दोन्ही पायांना कॅलिपर असलेला मुलगा आणि ४ व ६ मध्ये दोन धडधाकट मुली.

तिसरा डाव, म्हणून पांढरा ३ नंबरकडे. तिला मुद्दाम मधल्या चौकटीत बसवलं होतं, आणि व्हीच्या आकाराची रेष इथे कामी येते. मधोमध ती फक्त दीड मीटरवर आहे. कडेला बसली असती तर सरळ समोर टाकताना पांढरा जवळजवळ तीन मीटरपर्यंत जावा लागला असता आणि तिचे बरेच पांढरे बाद झाले असते. कमी पल्ल्याच्या मुलाला ३ किंवा ४ मध्ये बसवा, हा बोचियातला पहिला डावपेच. तिने पांढरा दोन मीटरवर टाकला. मग आपला लाल चेंडू टाकला, तो पांढऱ्याच्या अलीकडे वीस सेंटीमीटरवर थांबला.

आता निळ्यांची पाळी. धडधाकट मुलींना लांबचं अंतर आवडतं, दोन मीटरवर हळू टाकणं त्यांना जड जातं. ४ नंबरने सरळ टाकला. तो वाटेतल्या लालवर आदळला, लाल आणखी आत सरकला आणि निळा चाळीस सेंटीमीटरवर राहिला. निळेच लांब, म्हणून पुन्हा निळे. २ नंबरचा जोर जास्त झाला, चेंडू पुढे साठ सेंटीमीटरवर गेला. मग ६ नंबरने डोकं लढवलं. तिने चेंडूंना वळसा घालून बाजूने थेट पांढऱ्यालाच धक्का दिला. पांढरा डावीकडे गडगडला आणि तिचा चेंडू त्याच्यापासून दहा सेंटीमीटरवर थांबला. पांढरा हलला म्हणजे सगळी मोजणी बदलली. ३ नंबरचा लाल आता पंचेचाळीस सेंटीमीटर दूर पडला.

पाळी लालकडे. ५ नंबरने पन्हाळ दोनदा उजवीकडे घ्यायला लावली, मग म्हणाला, “पिवळीच्या खाली दोन बोटं.” चेंडू सरळ गेला, त्याने दहावर बसलेल्या निळ्याला तीसपर्यंत ढकललं आणि स्वतः पांढऱ्यापासून आठ सेंटीमीटरवर थांबला. निळ्यांकडे तीन चेंडू उरले होते. तिन्ही टाकले. त्यातला सर्वांत जवळचा पंचवीसवर आला, आठच्या आत कोणीच गेलं नाही. मग लालचे उरलेले चार. १ नंबरचा एक पंधरावर आला आणि एक भरकटला. ३ नंबरचा दुसरा वीसवर. ५ नंबरचा दुसरा जास्त उंचीवरून सुटला आणि लांब निघून गेला. निळ्यांचा सर्वांत जवळचा पंचवीसवर, त्याच्या आत लालचे तीन: आठ, पंधरा, वीस. डावाचे तीन गुण लालला. ते तीन गुण तीन वेगवेगळ्या मुलांच्या चेंडूंचे होते.

अंतर डोळ्यांनी ठरवू नका. दोन चेंडूंत बोटभर फरक असेल तर टेप लावा आणि दोन्ही संघांच्या प्रमुखांना जवळ बोलावून दाखवा. दोन्ही रंगांचे सर्वांत जवळचे चेंडू अगदी सारख्या अंतरावर निघाले तर दोघांनाही गुण मिळतो. पांढरा मैदानाबाहेर गेला तर तो चौकटींपुढच्या दहा मीटर जागेच्या मधोमध आखलेल्या फुलीवर ठेवतात. लाल-निळा बाहेर गेला तर तो मेला.

शिट्टी नको

दिवसभराच्या आखणीत काही बारीक गोष्टी राहून जातात आणि त्यांनी सामना बिघडतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांचं अंग अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने झटकन आखडतं, हात उडतो. ते घाबरट नसतात, मज्जासंस्था तशी असते. मुलगी चेंडू सोडत असताना शेजारी पंचाची शिट्टी वाजली किंवा डीजेवर गाणं लागलं तर तो चेंडू गेलाच. बोचियात पंच शिट्टीऐवजी फळी दाखवतात, एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी. ज्याची पाळी त्याचा रंग वर. पुठ्ठ्याला घोटीव कागद चिकटवून अशी फळी पाच मिनिटांत होते. मैदान स्पीकरपासून लांब घ्या आणि चेंडू सुटेपर्यंत प्रेक्षकांना गप्प बसवा.

वेळही तशीच. थंडीत सकाळी सात वाजता ही मुलं ताठलेली असतात, हात मोकळे व्हायला वेळ लागतो. दुपारी बारा-एकला दमतात. दहाच्या सुमाराची वेळ मला बरी वाटते, ऊब आलेली असते आणि उन्हाचा कडाका नसतो. सहा डावांचा सामना मुलांना पाऊण तास घेतो. चार हाऊसचे सगळे सामने एका दिवसात बसवायला गेलात तर बोचिया पहिला कापला जातो. म्हणून आधीचे सामने आदल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत उरका आणि क्रीडादिनाला फक्त अंतिम सामना ठेवा. त्याचे गुण खो-खो आणि कबड्डीइतकेच हाऊसच्या तक्त्यात चढले पाहिजेत. कार्यक्रमपत्रिकेवर ‘दिव्यांगांसाठी बोचिया’ असं छापू नका, नुसतं ‘बोचिया, इयत्ता ५ ते ७’ छापा.

मुख्याध्यापक कधी म्हणतात की यासाठी तरतूद नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांनी अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळ आणि मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. मी भांडत नाही, तो उतारा छापून टेबलावर ठेवतो आणि तेरा चेंडूंचा हिशेब सांगतो.

बोचिया कोणाला पुरत नाही

ज्याचे पाय चालत नाहीत पण खांदे आणि हात दणकट आहेत अशा मुलाला बोचिया कधी कधी संथ वाटतो. त्याला अंगातली रग काढायची असते. त्याच्यासाठी बसून खेळायचा व्हॉलीबॉल आहे, आणि तोही सगळ्यांनी बसूनच खेळायचा. मोठ्यांच्या खेळात मैदान दहा बाय सहा मीटरचं, जाळी पुरुषांसाठी १.१५ आणि महिलांसाठी १.०५ मीटर उंच. एकच मुख्य नियम: चेंडूला हात लावताना बूड जमिनीवर टेकलेलं हवं. शाळेत जाळी एक मीटरवर बांधा, चेंडू हलका घ्या, एक टप्पा चालू द्या. इथे सरकण्याचं काम हातांनीच करावं लागतं, त्यामुळे कॅलिपर उतरवून बसलेला मुलगा धडधाकट मुलांपेक्षा चपळ ठरलेला मी पाहिला आहे. पण ज्याचे हात आखडलेले आहेत त्याला हा खेळ देऊ नका, तो पुन्हा बघ्याच होईल.

यात एक धोका आहे. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे ज्या मुलांना कमरेखाली संवेदना नसते त्यांना खरचटलेलं किंवा भाजलेलं कळत नाही. तापलेल्या सिमेंटवर अर्धा तास सरकल्यावर जखम होते आणि ती घरी कपडे काढल्यावर दिसते. जाड सतरंजी किंवा मॅट हवी, जाड पँट हवी, आणि खेळ संपल्यावर पालकांनी कातडी बघायला हवी. याच मुलांबाबत आणखी एक गोष्ट. जन्मतः कण्यात दोष असलेल्या मुलांमध्ये रबराच्या फुग्यांची ॲलर्जी बऱ्याच प्रमाणात आढळते आणि ती गंभीर होऊ शकते. ‘हलकं आणि सोपं’ म्हणून फुगा-व्हॉलीबॉल सुचवणारे बरेच भेटतील. पालकांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुगे आणू नका, त्याऐवजी प्लॅस्टिकचा हवेचा बीचबॉल घ्या.

स्नायू दिवसेंदिवस क्षीण होत जाणाऱ्या आजाराच्या मुलाला दमेपर्यंत सराव देणंही चुकीचं. त्याला ताकद वाढवायला लावू नका, पन्हाळ द्या. हात थरथरू लागला किंवा एरवी नीट सांगणारा मुलगा पन्हाळीची जागा पटापट ‘बास, बास’ म्हणून ठरवू लागला की तो थकला आहे असं समजा.

खेळ खरा झाला हे कसं ओळखायचं

टाळ्यांवरून नाही. टाळ्या विशेष धावेलाही पडतात. मी एकच गोष्ट बघतो: समोरच्या संघाने त्या मुलाविरुद्ध डावपेच आखला का?

त्याच सामन्यात चौथ्या डावाआधी निळ्यांनी डोकी एकत्र केली. पांढरा आता ४ नंबरच्या मुलीकडे होता. तिने तो मुद्दाम खूप लांब, आठ मीटरवर टाकला. ३ नंबरच्या मुलीचा पल्ला तीन मीटरचा, तिचे दोन्ही चेंडू फुकट जावेत हा बेत. मला आत कुठेतरी आनंद झाला. पहिल्यांदाच कोणी तिला अडवायला बघत होतं, म्हणजे पहिल्यांदाच कोणी तिला धरून चाललं होतं.

तिने सरांकडे बघितलं नाही. १ नंबरच्या मुलाशी काहीतरी कुजबुजली. नियमाप्रमाणे निळ्यांनी आपला पहिला चेंडू टाकला, आठ मीटरवर, चांगला जवळ. मग लालची पाळी आली तेव्हा तिनेच हात वर केला. तिचा चेंडू अडीच मीटरवर थांबला, ४ नंबरच्या बरोब्बर समोर. लालच लांब होते, म्हणून तिने लगेच दुसराही टाकला, पहिल्याच्या शेजारी, दोघांत चेंडू जाईल इतकीही फट न ठेवता. पांढऱ्याच्या जवळ जाण्याचा तिने प्रयत्नच केला नव्हता. तिने वाट अडवली होती. त्यानंतर ५ नंबरने लाल पट्टीच्या वरून सोडलेला चेंडू पांढऱ्याला जाऊन चिकटला आणि पाळी निळ्यांकडे गेली. आता ४ नंबरच्या मुलीला आपला उरलेला चेंडू जमिनीलगत सरळ घालता येईना, तो उचलून टाकावा लागला आणि खुर्चीत बसून उचलून टाकलेला चेंडू आठ मीटरवर जिथे हवा तिथे पडत नाही.

तो डाव लालने एका गुणाने घेतला. सामना निळ्यांनी जिंकला, सहा विरुद्ध पाच. ३ नंबरची मुलगी रडली, आणि कॅलिपरवाला मुलगा तिला म्हणाला, “पुढच्या वर्षी ती भिंत आम्ही पण घालणार.”